स्वप्नात सारखं पाणीच दिसतंय

"मॅडम, मी बडोद्यात समाला राहते, वय ५१. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं, सासूबाईंना शेजारच्या पोरांच्या मदतीने खुर्चीत बसवून वर नेलं. पुढच्या जानेवारीत त्या गेल्या. लग्न होऊन आले तेव्हा त्याच मला संध्याकाळी सूरसागर तळ्यावर फिरायला न्यायच्या. आता मला तीन स्वप्नं आलटून पालटून पडतात. एकात पूर आलाय, मी सासूबाईंना कडेवर घेऊन जिना चढतेय, जिना संपतच नाही आणि त्या म्हणतात, राहू दे गं आता. दुसऱ्यात सूरसागर, एकदम शांत, मधे महादेवाची मूर्ती पण नाही, भीती अजिबात नाही, पण उठते तेव्हा मी रडत असते. तिसरं गेल्या काही महिन्यांपासून, पाणी गळ्यापर्यंत, ओरडते तर आवाज नाही आणि मिस्टर काठावर मोबाइल बघत उभे. दचकून उठते, धाप लागलेली असते. सासऱ्यांना आता विसरायला होतं, त्यांचं सगळं मीच बघते. बीपीची गोळी पण सुरू झालीये. काकू म्हणतात बुडण्याचं स्वप्न म्हणजे घरात कुणाचं तरी वाईट, नदीत नारळ सोड. यूट्यूबवर पूर म्हणजे धनलाभ आणि शांत तळं म्हणजे मन शांत. मन शांत असेल तर मी रडते का?"

ताई, आधी काकूंचं बघू, कारण मला वाटतं तुमची निम्मी झोप त्यांनीच उडवलीये. शुभ-अशुभ बघणाऱ्यांना मी सहसा काही बोलत नाही, पण आपल्याकडच्याच जुन्या ग्रंथात काय लिहिलंय ते तरी बघावं ना. चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार दिलेत, डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छा धरलेलं, कल्पनेनं रचलेलं, मग पुढचं काही सुचवणारं आणि शेवटी शरीरातल्या दोषांमुळे पडणारं, आणि यातली पहिली पाचही निष्फळ समजावीत असं वैद्याला तिथेच स्पष्ट सांगितलंय. तुमचा पूर तुम्ही पाहिलाय, त्या पाण्यात उभ्या राहिलायत, म्हणजे तो पहिल्या तीनातच बसला. आता काकू सहावा प्रकार धरून बसतील, बसू दे. पण सातवा लक्षात ठेवा, शरीरामुळे पडणारं स्वप्न, कारण तुमच्या तिसऱ्या स्वप्नाचं मला तेच वाटतंय, त्यावर खाली येतेच. नारळाचं म्हणाल तर मनाला बरं वाटत असेल तर सोडा, फक्त विश्वामित्रीच्या अगदी काठाला उतरू नका, पुरात त्या मगरी सोसायट्यांमधे कशा फिरत होत्या ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि यूट्यूबचं म्हणजे काय, पूर म्हणजे हे, तळं म्हणजे ते, असा ठरलेला अर्थ कुणाच्याच स्वप्नाला नसतो. पाण्याशी तुमचं नातं वेगळं, कोळ्याच्या घरातल्या बाईचं वेगळं, कधी विहिरीत पडून वाचलेल्या माणसाचं वेगळं. त्यामुळे पाणी म्हणजे काय हे विचारूच नका. त्या पाण्यानं तुमचं काय केलं, तुम्ही त्यात काय करत होतात आणि डोळे उघडल्या उघडल्या छातीत काय होतं, हे विचारा. भीती होती, लाज होती, दुःख होतं, राग होता की नुसता थकवा होता? मी समोर बसलेल्या माणसाला आधी हेच विचारते आणि बहुतेक वेळा उत्तर पटकन येतं, कारण चित्र विसरतं पण ती भावना सकाळच्या चहापर्यंत अंगात असते.

हे मी काही मनाचं सांगत नाहीये. अर्नेस्ट हार्टमन म्हणून अमेरिकेत एक मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी अनेक वर्षं स्वप्नांवरच काम केलं. त्यांना असं दिसलं की घराला आग लागून वाचलेली माणसं, हल्ला झालेली माणसं, सुरुवातीला कधी त्या घटनेचंच स्वप्न बघतात, पण नंतर त्यांना दिसते समुद्राची प्रचंड लाट. म्हणजे आग लागली होती आणि स्वप्नात पाणी! का, तर आग हा तपशील होता, आणि त्याखाली जी भावना होती, की हे माझ्यापेक्षा खूप मोठं आहे, मी यापुढे काहीच नाही, तिला लाटेएवढं चपखल चित्र दुसरं मिळत नाही. स्वप्नं जास्त रंगतात त्या झोपेत, जिला रेम झोप म्हणतात आणि जी पहाटेकडे जास्त लांबते, मेंदूतला भावनांचा भाग चांगलाच जागा असतो आणि तर्काचा भाग बराच मंदावलेला असतो, म्हणून चित्र एवढं मोठं येतं आणि त्यातलं विचित्र काही खटकत नाही.

तुमच्या बाबतीत गुंता एवढाच की तुमचा पूर चित्रातला नाही, खरा होता. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट आणि त्या वेळी पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं होतं, अकोटा, फतेहगंज, समा सगळीकडे लोक दोन दोन दिवस विनालाइट वर अडकले होते. असं खरंखुरं बघितलेलं असलं की पहिला प्रश्न हा येतो की स्वप्नात जे दिसतंय ती जशीच्या तशी आठवण आहे की मनानं तिचं काहीतरी वेगळंच केलंय. हे ओळखणं महत्त्वाचं आहे कारण दोन्हीचं पुढे वेगळं होतं.

जशीच्या तशी असेल तर ते स्वप्न सीसीटीव्हीच्या फुटेजसारखं असतं, दर वेळी तोच क्रम, तोच आवाज, तोच वास, आणि दिवसाही अचानक ते सगळं डोळ्यासमोर येतं, पाऊस जोरात लागला की हातपाय गार पडतात, माणूस त्या खोलीत जायचं टाळतो, घरच्यांवर उगाच ओरडतो. पुरानंतर इतके महिने उलटूनही असं चालू असेल तर तो आघाताचा आजार असू शकतो आणि त्याला नीट उपचार असतात, वहीत लिहून घरच्या घरी करायचं काम ते नाही.

तुमचं तसं नाही, निदान पत्रावरून तरी. खऱ्या पुरात सासूबाई खुर्चीत होत्या आणि पोरांनी खुर्ची उचलली होती, स्वप्नात मात्र पोरं गायब, खुर्ची गायब, आणि त्या तुमच्या एकटीच्या कडेवर. खरा जिना संपला, तुम्ही वर पोचलात, त्या वाचल्या. स्वप्नातला संपत नाही. आणि ते राहू दे गं, ते त्या पुरात कधी म्हणाल्या होत्या का? तुम्हीच आठवून बघा, मला वाटतं ते वाक्य पुरातलं नसावं, नंतरचं असावं, आजारपणातलं, हॉस्पिटलमधलं, किंवा त्यांनी कधीच म्हटलं नसेल आणि त्यांनी म्हणावं असं तुम्हाला वाटत असेल. म्हणजे मन पुराचं पाणी वापरून जानेवारीबद्दल बोलतंय. पुरातून वाचवलं ना मी यांना, मग नंतर का नाही वाचवू शकले, असं काहीतरी. हा माझा अंदाज आहे, तुमच्या स्वप्नावर शेवटचा शब्द तुमचाच, वाचताना पोटात हललं तर समजा बरोबर आहे आणि काहीच वाटलं नाही तर सोडून द्या.

एक मात्र खात्रीने सांगते, तपशील बदलतायत हे चांगलं चिन्ह आहे. स्वप्नात नवं काही मिसळायला लागलं, दुसऱ्या काळातली माणसं, दुसरी घरं यायला लागली, की ती घटना बाकीच्या आयुष्यात हळूहळू मुरायला लागली असं आम्ही धरतो. वर्षभरानेही एक काडी इकडची तिकडे झाली नाही तर मात्र काळजी.

आता सूरसागर. खरं सांगू का, तीनही स्वप्नांत मला हेच सगळ्यात बोलकं वाटलं आणि हेच तुम्ही सगळ्यात कमी शब्दात लिहिलंय. शांत पाणी म्हणजे शांत मन हे समीकरण काही एकदम हवेतलं नाही, सुश्रुतानेही कफ प्रकृतीच्या माणसाला स्वप्नात कमळं, हंस, चक्रवाक आणि सुंदर जलाशय दिसतात असं लिहून ठेवलंय, म्हणजे थंड, स्थिर स्वभाव आणि थंड, स्थिर पाणी ही जोडी फार जुनी. पण सुंदर तळं दिसलं आणि माणूस रडत उठला तर? मग तळ्याकडे बघायचं नाही, रडण्याकडे बघायचं. जागं होतानाची भावना आणि चित्र यांचं जमत नसेल तर मी नेहमी भावनेचं ऐकते, चित्र फसवतं.

आणि तुम्ही सहज लिहून गेलात की मधे महादेवाची मूर्ती नाही. अहो, ती १११ फुटी मूर्ती आहे, सूरसागरला उभं राहिलं की दुसरं काही दिसत नाही, ती विसरून जाणं शक्य तरी आहे का? पण ती पूर्वी नव्हती. तुम्ही लग्न करून बडोद्याला आलात तेव्हा, तुमच्या वयावरून हिशोब केला तर, बहुतेक नव्हतीच किंवा काम चालू असेल, मोकळं पाणी, कठडा, पलीकडे न्यायमंदिराकडची गर्दी, आणि शेजारी सासूबाई, नव्या गावात तुमचं पहिलं ओळखीचं माणूस. तर तुम्ही आजचा सूरसागर बघतच नाहीये. तुम्ही तेव्हाचा बघताय, फक्त त्यातून त्या वजा झाल्यात. भीती नाही पण रडू आहे, याला काही गूढ अर्थ नको, हे दुःख आहे ताई, साधं सरळ. आणि मला शंका आहे की त्या गेल्यावर तुम्हाला रडायला फुरसतच मिळाली नसेल, दिवसवार, पाहुणे, पुरात गेलेल्या कपाटांचं, गाद्यांचं, फ्रिजचं निस्तरणं, आणि लगेच सासऱ्यांचं सुरू.

शिकागोला रोझालिंड कार्टराइट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी घटस्फोटातून जाणाऱ्या, नैराश्यात असलेल्या माणसांची स्वप्नं झोपेच्या प्रयोगशाळेत गोळा केली होती. ज्यांच्या स्वप्नात तो सोडून गेलेला जोडीदार यायचा, भावनेसकट यायचा, आणि त्यात जुन्या आठवणी पण मिसळायच्या, ती माणसं पुढे जास्त सावरलेली दिसली. ज्यांची स्वप्नं कोरडी, बेचव होती त्यांचं तसं झालं नाही. अर्थात घटस्फोट आणि सासूबाईंचं जाणं एक नव्हे आणि माणसंही थोडीच होती, त्यामुळे याच्यावर फार मोठं घर बांधू नका. पण रडवणारं स्वप्न म्हणजे काहीतरी बिघडलंय असं समजून ते बंद करायच्या मागे लागू नये एवढं तरी त्यातून नक्की घ्या. सूरसागरच्या स्वप्नाला हात लावायचा नाही. पडलं तर पडू दे, रडू आलं तर पाच मिनिटं बसून रडा, मग चहा टाका. जमलं तर एखाद्या संध्याकाळी जाऊन या तिकडे, आता काठ चांगला केलाय, सेवउसळ खाऊन या. कुणाबरोबर जायचं ते तुम्ही ठरवा, एकटीला जायचं असलं तरी छान.

आता तिसरं, आणि इथे मी तुम्हाला मनाबद्दल बोलायच्या आधी शरीराबद्दल दामटून विचारणार आहे. धाप लागून उठते असं लिहिलंय, वय ५१ आहे, बीपी आहे. घोरता का? तुम्हाला माहीत नसेल, मिस्टरांना विचारा. सकाळी तोंड कोरडं पडतं का, उठल्यावर डोकं जड, रात्री दोन-तीनदा लघवीला, दुपारी भाजी निवडताना डुलकी? झोपेत घसा मिटून श्वास थोडा वेळ थांबण्याचा एक आजार असतो, स्लीप अ‍ॅप्निया, पाळी जायच्या वयानंतर बायकांमधे त्याचं प्रमाण वाढतं आणि बीपीशी त्याचं चांगलंच सख्य आहे. प्रत्येकाला त्यामुळे बुडण्याची स्वप्नं पडतात असं मुळीच नाही, पण श्वास कोंडून, घाबरून जाग येत असेल तर आधी हे तपासून घ्यायलाच हवं, नाहीतर आपण मनाचे अर्थ लावत बसू आणि घसा तसाच मिटत राहील.

शरीराचं स्वप्नात शिरतं याचा एक गमतीशीर प्रयोग १९५८ साली झालेला आहे, डिमेंट आणि वोल्पर्ट या दोघांनी रेम झोपेत असलेल्या लोकांच्या अंगावर गार पाण्याचा फवारा मारला आणि मग उठवून विचारलं काय दिसत होतं, तर ४२ टक्के वेळा कुठे पाऊस, कुठे गळणारं छप्पर, असं पाणी स्वप्नात घुसलेलं होतं. म्हणजे बाहेरून येतं तसं आतूनही येऊ शकतं, कोंडलेला श्वास, ॲसिडिटी, भरलेलं मूत्राशय. तो चरकांचा सातवा प्रकार म्हटला ना, तो हाच समजा.

दुसरं म्हणजे गोळी. तुमचं हे तिसरं स्वप्न आणि बीपीची गोळी दोन्ही अलीकडचंच दिसतंय. गोळीचं नाव काय? मेटोप्रोलोल किंवा प्रोप्रॅनोलोल असेल, म्हणजे बीटा ब्लॉकर गटातली, तर त्यांच्यामुळे काही जणांना फार ठळक, घाबरवणारी स्वप्नं पडतात हे डॉक्टरांना माहीत असतं. काही नैराश्याच्या गोळ्यांनीही होतं. बीटा ब्लॉकरच्याच गटात अशी औषधं असतात जी मेंदूत कमी शिरतात, किंवा गटच बदलता येतो, ते डॉक्टर बघतील. पण प्लीज, हे वाचून स्वतःहून गोळी बंद करू नका, बीटा ब्लॉकर एकदम थांबवला तर बीपी आणि हृदयाचे ठोके उसळी मारू शकतात, ते स्वप्नापेक्षा कितीतरी वाईट. गोळी सुरू झाल्याची तारीख आणि स्वप्नाची सुरुवात, दोन्ही एका चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांसमोर ठेवा.

हे दोन्ही निघालं तरी स्वप्नाचं चित्र तुमचंच राहतं हं, कारण कोंडलेला श्वास फक्त पाणी देईल, काठावर कोण उभं करायचं ते तुमचं मन ठरवतं. आवाज न फुटणं त्यातलं तेवढं सोडून द्या, रेम झोपेत डोळे आणि श्वासाचे स्नायू सोडले तर बाकी अंग जवळजवळ बंद केलेलं असतं, म्हणून पळता येत नाही, ओरडता येत नाही अशी स्वप्नं सगळ्यांनाच पडतात, आणि तसंही खऱ्या बुडणाऱ्या माणसाला ओरडता येत नाहीच, तोंड पाण्यावर येतं तेवढ्यात तो श्वास घेईल की हाक मारेल. पण मोबाइल बघणारे मिस्टर हे कुठल्याही गोळीत नसतात. पूर अंगावर आला तेव्हा भीती होती, सूरसागरला दुःख होतं, इथे मला वाटतं एकटं पडल्याचा राग आहे. एकटं बुडणं आणि कुणीतरी काठावर असताना बुडणं यात फार फरक असतो, घरात आजारी माणसाचं करणाऱ्या बायकांच्या तोंडून हे दुसरं मी जास्त ऐकलंय. नवरा वाईट नसतो, तो ढकलत नाही, त्याला दिसतच नाही.

म्हणून सकाळी उठून त्यांना स्वप्नाबद्दल धारेवर धरू नका बरं, स्वप्नातल्या नवऱ्याचे गुन्हे खऱ्या नवऱ्यावर टाकले की ते चिडणार आणि त्यांचं बरोबर असणार. तुम्ही माझी मदत करत नाही असंही नको, त्यावर कुठला नवरा हो म्हणालाय. एक ठरावीक काम द्या, वेळेसकट. रात्री बाबांना बाथरूमला मंगळवार, गुरुवार, शनिवार तुम्ही उठवायचं, त्या रात्री मी दुसऱ्या खोलीत झोपणार. एवढंच. सलग झोपेच्या रात्री स्वप्न कमी पडलं तर तुमचं तुम्हालाच उत्तर मिळेल, आणि तरी तेवढंच पडलं तर घसा आणि गोळीचा संशय अजून घट्ट होईल.

आता करायचं काय. एक साधी वही उशाशी ठेवा, उठल्यावर बाथरूमला जायच्या आधी चार ओळी, पाण्यानं काय केलं, मी काय केलं, उठताना काय वाटत होतं, आणि काल दिवसभरात काय झालं होतं. मोबाइलवर लिहायला जाऊ नका, तो उघडला की आधी मेसेज दिसतात आणि स्वप्न गेलंच. अर्थ लावू नका, नुसतं लिहा. दोन-तीन आठवड्यांनी सलग वाचलं की चौथ्या ओळीत बरंच काही सापडतं, अमुक स्वप्न बाबांनी रात्री गोंधळ घातला त्याच्या दुसऱ्या दिवशी, तमुक स्वप्न जोरात पाऊस लागला त्या रात्री, असं.

मग जिन्याच्या स्वप्नावर एक काम करता येतं. याला इमेजरी रिहर्सल म्हणतात, आणि बॅरी क्रॅकाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अत्याचारातून वाचलेल्या, वर्षानुवर्षं दुःस्वप्नं बघणाऱ्या स्त्रियांवर ते वापरून बघितलं होतं, २००१ साली ते छापून आलं, त्यांची दुःस्वप्नं बरीच कमी झाली आणि झोपही सुधारली. करायचं दिवसा, झोपताना नाही. स्वप्न एकदाच लिहून काढायचं, आत्ता घडतंय असं. मग त्यात काहीही एक बदलायचं, तुम्हाला हवं ते, खरं वाटायलाच पाहिजे असं नाही. आणि मग ते जुनं परत वाचायचं नाही, फक्त नवीन, डोळे मिटून रोज दहा ते वीस मिनिटं मनात चालवायचं.

तुमच्यासाठी मी असं काहीतरी लिहीन, बघा: "मी सासूबाईंना घेऊन जिना चढतेय, पाणी मागे आहे, चौथ्या पायरीवर शेजारची पोरं येतात आणि म्हणतात काकी, इकडे द्या. खुर्ची येते. त्या खुर्चीत बसतात, आम्ही वरच्या गॅलरीत पोचतो, खाली पाणी वाहतंय पण ते वर येत नाही. त्या म्हणतात, राहू दे गं आता, बस जरा, आणि मी बसते." बघा, वाक्य तेच ठेवलंय, फक्त जागा बदलली. पण हे माझं झालं, तुम्हाला पोरं नकोत आणि पाणीच ओसरायला हवं असेल तर तसं करा, किंवा तुम्हाला होडी हवी असेल तर होडी. स्वतःचं असेल तरच ते लागू पडतं. त्या वाचून पुढे वर्षानुवर्षं जगल्या असं मात्र मी लिहिणार नाही, कारण ते तुमचं मन मानणार नाही आणि वाचता वाचताच हुंदका येईल.

तुमचं नवीन स्वप्न रात्री जसंच्या तसं पडेल अशी वाट बघू नका, तसं क्वचितच होतं. फरक दिसतो तो वेगळा, जिना थोडा छोटा होतो, पाणी गढूळ असूनही तेवढं भीतीदायक नसतं, किंवा स्वप्न पडतं आणि तुम्ही न उठता कुस बदलून झोपता. दोन-चार आठवडे द्या. उलट हे करायला लागल्यापासून दिवसभर धडधडायला लागलं, पाण्याचा वास यायला लागला, जेवण जाईना, तर लगेच थांबवा आणि मग हे कुणा समुपदेशकाबरोबर बसूनच करायचं. आणि तिन्ही स्वप्नांवर एकदम काम काढू नका, सूरसागर तर नाहीच म्हणलंय, बुडण्याचं आधी डॉक्टरकडे.

झोपायचीच भीती वाटायला लागली, आठवड्यातून कितीतरी रात्री असं होऊन दिवसाची कामं अडायला लागली, किंवा राहू दे आता हे तुम्हाला जागेपणी स्वतःच्या जगण्याबद्दल वाटायला लागलं, तर वही बाजूला ठेवा आणि सरळ सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जा, किंवा रात्री-अपरात्री टेलिमानसच्या १४४१६ नंबरला फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे. यात लाजण्यासारखं काही नाही आणि काकूंना सांगायचीही गरज नाही.

या आठवड्यात मात्र एकच करा. मिस्टरांना म्हणा दोन रात्री तुमचा मोबाइल रेकॉर्डिंग लावून माझ्या उशाशी ठेवा, सकाळी ऐका की मी घोरते का, मधेच एकदम गप्प होऊन मग दचकून श्वास घेते का. ते रेकॉर्डिंग आणि बीपीच्या गोळीची स्ट्रिप, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा, जमल्यास त्यांनाही बरोबर न्या.